काठाला कुलूप

ऑक्टोबरच्या दुपारी, लालबागमध्ये, पंखा पाचावर ठेवून मांडीवर लोकरीचे गुंडे घेऊन बसलेला बावन्न वर्षांचा पुरुष दिसला की शेजारी त्याला काही विचारत नाहीत. ते त्याच्या बायकोला विचारतात. मीनाला लिफ्टमध्ये तीन जणांनी आवाज खाली आणून विचारलं, "साहेबांचं सगळं बरं आहे ना?" तिने प्रत्येकाला सांगितलं, "स्कार्फ विणतायत." त्यावर तिघांचेही चेहरे आणखी काळजीत पडले म्हणे.

झालं होतं असं. आमच्या ईशाने हौसेने एक छोटा हातमाग घेतला होता, टेबलावर ठेवायचा, दोन फुटी. मग तिला दिल्लीला नोकरी लागली आणि माग माळ्यावर गेला. गणपतीत ती फोनवर म्हणाली, "बाबा, इथे डिसेंबरात दात वाजतात म्हणे." मी म्हणालो, "घाबरू नकोस, दिवाळीला येशील तेव्हा तुझ्याच मागावर विणलेला स्कार्फ नेशील." वर असंही म्हणालो, की विणकाम आपल्या रक्तात आहे.

रक्तात म्हणजे अण्णांच्या. माझे वडील 18 वर्षं गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. दोन साचे, म्हणजे गिरणीतले यंत्रमाग, चालवायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ते बाहेर पडले, ते परत आत गेलेच नाहीत. आज एक्क्याऐंशीचे आहेत, कानाने पक्के, जिभेने त्याहून पक्के. चाळीच्या जागी टॉवर झाला तरी चौदाव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये त्यांची खुर्ची चाळीच्या गॅलरीत होती तशीच दारासमोर असते.

मी माळ्यावरून माग काढून डायनिंग टेबलावर ठेवला. अण्णांनी चष्मा वर-खाली करून पाहिला.

"बाकीचा कुठाय?"

"एवढाच आहे, अण्णा."

खरंच एवढाच असतो. लाकडी चौकट, मागे एक रूळ, पुढे एक रूळ, दोन्हींना दात्यांचं चाक म्हणजे रूळ मागे फिरत नाही. आणि मधोमध एक ताठ फणी. ह्या फणीत सगळी गंमत आहे. तिच्यात एक उभी फट, शेजारच्या पट्टीच्या मध्यावर एक भोक, परत फट, परत भोक, अशी रांग असते. उभ्या धाग्यांपैकी एक भोकातून जातो, पुढचा फटीतून. फणी वर उचलली की भोकातले धागे तिच्याबरोबर वर जातात आणि फटीतले आपल्या जागी राहतात. खाली दाबली की भोकातले खाली जातात. दोन्ही वेळा धाग्यांचे दोन थर फाकून मधे बोगदा तयार होतो आणि त्यातून आडव्या धाग्याचा धोटा घालायचा. मग तीच फणी पुढे ओढून घातलेला धागा जागेवर बसवायचा.

अण्णा म्हणाले, "आमच्या साच्यात धागे उचलणारं वेगळं आणि ठोकणारं वेगळं. हिला एकटीलाच दोन्ही कामं?"

"सून असेल," मीना स्वयंपाकघरातून म्हणाली.

लोकर आणायला मी दादरला गेलो आणि पहिल्याच दुकानात दिसलेली, मांजराच्या पिल्लासारखी केसाळ, गुलाबी लोकर घेऊन आलो. अण्णांनी तिचा हातभर तुकडा दोन्ही मुठींत धरून हिसका दिला. तुकड्याचे दोन तुकडे झाले. "ही आडवी घाल हवी तर. उभी घातलीस तर रडशील." उभ्या धाग्याला, म्हणजे ताण्याला, सतत ताण सोसायचा असतो आणि वर फणी त्याला प्रत्येक फेरीला घासते. केसाळ लोकर शेजाऱ्याला चिकटते, बोगदा उघडत नाही आणि शेवटी तुटते. दुसऱ्या दिवशी परत दादर. ह्या वेळी गुळगुळीत, नीट पीळ दिलेली, मध्यम जाडीची राखाडी लोकर घेतली. दुकानदाराने विचारलं, "वहिनींना आधीची आवडली नाही का?" मी हो म्हणालो. एवढ्या गर्दीत कोण समजावत बसणार.

लोकर फणीला जुळते की नाही ते बघायची सोपी रीत ईशाने फोनवर सांगितली. पट्टीवर एक इंचात धागा शेजारीशेजारी गुंडाळायचा, दाटीही नको, फटही नको. माझे 16 वेढे बसले. त्याच्या निम्मे 8, कारण साध्या विणीत दोन उभ्या धाग्यांच्या मधे आडव्याला जागा लागते. फणी इंचाला 8 धाग्यांचीच होती. जमलं.

मग हिशोब. स्कार्फची रुंदी 9 इंच धरली, म्हणजे 72 उभे धागे. लांबी पाच फूट हवी. पण विणताना उभा धागा वर-खाली वळणं घेतो त्यात थोडा आखडतो, धुतल्यावर आणखी आटतो, आणि मागावर पुढे-मागे बांधायला मिळून वीसेक इंच असाच जातो, त्यातले थोडे झालरीला मिळतात. सगळं धरून ताणा 8 फूट लांब काढायचा ठरला. उभ्याला 175 मीटर, आडव्याला साधारण 140. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे इथपर्यंत मला कुठेही घाम आला नाही.

घाम आला तो 8 फूट शोधताना. ताणा काढायची ह्या मागाची पद्धत अशी. माग टेबलाला पकडीने घट्ट बसवायचा. त्याच्या समोर, ताण्याच्या लांबीइतक्या अंतरावर, एक खुंटी दुसऱ्या कशाला तरी पकडीने लावायची. लोकरीचा गुंडा मागाच्या मागे जमिनीवर. टोक मागच्या दांडीला बांधायचं, मग आकडीने धाग्याचं एक वेटोळं पहिल्या फटीतून ओढून काढायचं, ते घेऊन खुंटीपर्यंत चालत जायचं आणि खुंटीत अडकवायचं. परत यायचं. धागा दांडीवरून वळवून पुढच्या फटीतून वेटोळं, परत खुंटी. प्रत्येक फटीत असे दोन धागे होतात, म्हणून 72 धाग्यांना 36 फेऱ्या.

आमच्या घरात 8 फूट सरळ रिकामी जागा एकच आहे. डायनिंग टेबलाच्या कडेपासून, स्वयंपाकघराच्या दारातून, गॅसशेजारच्या ओट्यापर्यंत. मी खुंटी ओट्याला लावली. तो दिवस दिवाळीच्या आधीचा रविवार होता, आणि गॅसवर मीनाचं चकलीचं तेल तापत होतं.

"अहो, मी आता बाहेर कशी येऊ?"

"खालून ये."

एक मध्यमवयीन बाई चकलीचा सोऱ्या हातात घेऊन कमरेइतक्या उंचीच्या लोकरीखालून वाकून बाहेर येते आहे, हे दृश्य मी त्या दिवशी चार वेळा पाहिलं. चौथ्या वेळी ती नुसती बाहेर आली नाही, बाहेर येऊन बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली. त्यानंतर चहा आला नाही. कामवाल्या मावशी आल्या, त्यांनी दारातून धागे पाहिले, "नजर काढताय काय?" विचारलं आणि लादी पुसायची उद्यावर टाकून निघून गेल्या.

विसाव्या फेरीला माझ्या लक्षात आलं, की सुरुवातीची वेटोळी सैल पडून झोळीसारखी लोंबताहेत. मी तर प्रत्येक धागा सारखाच ओढला होता! कारण खुंटीत होतं. मी जोरात ओढत होतो म्हणून ती पकडीत हळूहळू मागाकडे कलत होती. ती अर्धा इंच कलली की आधीचे सगळे धागे अर्धा इंच सैल. वीसच्या वीस फेऱ्या उतरवल्या, खुंटी परत आवळली आणि ह्या वेळी धागा ओढला नाही, नुसता सरळ होईल एवढाच नेला. ताण नंतर रुळावर द्यायचा असतो, फेऱ्या मारताना नाही.

ह्या सगळ्या वेळात अण्णा गप्प होते, आणि ते गप्प असले की मला जास्त भीती वाटते. शेवटी मीच विचारलं, "बरोबर चाललंय का?"

"मला काय ठाऊक? आम्हाला बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, भरून यायचा. ताणा काढणारे वेगळे, कांजी देणारे वेगळे, फणीतून धागे ओढणारे वेगळे. आपण साचा चालवायचा, तार तुटली तर जोडायची."

म्हणजे माझ्या रक्तात विणकाम फक्त अर्ध्यापासून पुढे होतं.

36 वेटोळी झाल्यावर खुंटीवरची टोकं कापून ताणा मागच्या रुळावर गुंडाळायचा असतो, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने सगळे धागे एकत्र धरून सारखा ताण ठेवत हळूहळू पुढे यायचं, दुसऱ्याने रूळ फिरवायचा. धरायला अण्णा आले. गुंडाळताना प्रत्येक थरात जाड कागद घालावा लागतो, नाही तर वरच्या थरातले धागे खालच्या थरातल्या धाग्यांच्या मधे रुततात आणि प्रत्येकाची लांबी वेगळी होते. मी जुन्या कॅलेंडरची पानं घेतली आणि नीटनेटकेपणाने बरोब्बर 9 इंच रुंदीला कापली. हे 9 इंच लक्षात ठेवा. पुढे माझा घात ह्याच नीटनेटकेपणाने केला.

मग प्रत्येक फटीतल्या दोन धाग्यांपैकी एक काढून शेजारच्या भोकातून ओवायचा. 36 वेळा. मला लांबचं दिसत नाही आणि मीनाला जवळचं, म्हणून मी आकडी धरली आणि तिने टॉर्च धरला, भांडण दोघांनी मिळून केलं. पुढच्या दांडीला आठ-आठ धाग्यांच्या नऊ जुड्या बांधल्या. आधी मधली, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. पहिल्यांदा नुसती अर्धी गाठ मारून, दुसऱ्या फेरीत एकेक आवळत. तळहात पसरून ताण्यावर थापटलं, की कुठे सैल आहे ते हाताला कळतं. सगळीकडे सारखं लागलं. मी खूश. अण्णांनीही थापटून पाहिलं आणि "हं" म्हणाले.

आणि मी विणायला लागलो.

पहिला दीड तास इतका सुखाचा गेला, की त्या सुखावरच मला संशय यायला हवा होता. फणी वर, धोटा डावीकडून उजवीकडे. ह्या मागाचा धोटा म्हणजे दोन्ही टोकांना खाच असलेली लाकडी पट्टी, तिच्यावर लोकर गुंडाळलेली. फणी पुढे, खाड्. फणी खाली, धोटा उजवीकडून डावीकडे. खाड्. मी जोरात ठोकत होतो, कारण गिरणीचा आवाज मला लहानपणापासून आवडतो. आणि प्रत्येक फेरीला काठाशी धागा नीट ओढून घेत होतो, म्हणजे काठावर सैल फासे राहायला नकोत. काठ कसा दोरीसारखा सरळ हवा.

अण्णा उठून जवळ आले. त्यांनी कापडाला बोट लावलं. "पोतं विणतोयस का?"

पट्टी लावून मोजलं. इंचात 8 आडवे धागे हवे होते, म्हणजे उभे जितके तितकेच. माझे 13 होते. कापड उभं धरून सोडलं तर उभंच राहील इतकं कडक. "हा साचा नाही, बाळ्या. ठोकायचं नाही, नुसतं टेकवायचं. दोन आडव्या धाग्यांमध्ये बारीक चौकोनी भोक दिसलं पाहिजे. धुतल्यावर ते भरतं."

मग त्यांनी पट्टी आडवी लावली. सुरुवातीला कापड 9 इंच होतं. फूटभर वर आल्यावर 7 होतं. दोन्ही काठांनी स्कार्फ आत पळाला होता, गंजीफ्रॉकच्या गळ्यासारखा. शिवाय दोन्ही काठांना दोन वेगळे रोग जडले होते. उजवा काठ आवळून सुतळीसारखा कडक झाला होता. डावा काठ आवळलेला होताच, वर जिलबीसारखा वेडावाकडा, मधेच फासे बाहेर आलेले.

"टेंपल कुठाय?" अण्णांनी विचारलं.

मला वाटलं वय झालं. मग त्यांनी सांगितलं. साच्यावर कापडाच्या दोन्ही काठांशी दातेरी रिंगा असायच्या, त्या कापड दोन्हीकडे ओढून रुंदीत धरून ठेवायच्या. त्यांना टेंपल म्हणायचे. ते नसेल तर कापड आकसणारच.

दोघांनी मिळून टेंपल बनवलं. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे कापडाच्या दोन काठांना, चिमट्यांना सुतळी, सुतळी टेबलाच्या दोन बाजूंवरून खाली सोडलेली, आणि एका बाजूला जुन्या चाळीतल्या खोलीचं पितळी कुलूप, दुसऱ्या बाजूला त्याच वजनाचा खलबत्त्यातला बत्ता. कुलपाची किल्ली कधीच हरवली आहे, खोलीही उरलेली नाही, पण अण्णांनी कुलूप टाकू दिलेलं नाही. आता त्याला काम मिळालं. कापड दोन्हीकडे ताणलं जाऊन साडेआठ इंचांवर आलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोन पिढ्यांनी मिळून एक यंत्र बनवलं होतं. मीनाने बत्ता मागितला तेव्हा तिला मिक्सर वापरायला सांगितलं.

चार इंच विणून झाल्यावर चिमटे पुढे सरकवले आणि मागचं कापड आमच्या डोळ्यांदेखत परत 7 इंचांवर गेलं. चिमटा असेपर्यंत रुंदी, सुटला की पळापळ. त्यातच डाव्या काठाशी चार धागे, फणी वर करा नाही तर खाली, नीट फाकतच नव्हते, बोगद्यात लोंबायचे. धोटा त्यांच्या वरून जायचा आणि कापडात त्या जागी मोकळे धागे दिसायचे.

आणि मग उजवीकडचा अगदी शेवटचा धागा तुटला. टिक् असा बारीक आवाज. मी नुसता बघत राहिलो. अण्णा म्हणाले, "तार गेली," आणि खुर्चीतून उठले.

चहाचा कप धरताना अण्णांचा हात थरथरतो. बशीवर कपाची टकटक होते म्हणून हल्ली ते स्टीलच्या पेल्यातून चहा घेतात. त्या हाताने त्यांनी मागे लोंबणारं तुटकं टोक शोधलं, लोकरीचा वीतभर तुकडा घेतला, दोन्ही टोकं अंगठ्याखाली एकावर एक आडवी धरली, एक वेढा, एक खेच. गाठ झाली. मी मोबाइल काढून "अण्णा, परत एकदा करून दाखवा" म्हणेपर्यंत तो धागा भोकातून ओवून, कापडात टाचणी टोचून तिच्याभोवती आठच्या आकड्यात गुंडाळूनही झाला होता. "दिवसाला किती करायचो ते मोजलंय कोणी," ते म्हणाले. "साचा थांबला की पगार थांबला."

मग ते लगेच बसले नाहीत. तुटलेल्या धाग्याचं टोक बोटांत फिरवत उभे राहिले. टोक पिंजलेलं होतं. तुटलं नव्हतं, झिजलं होतं. ते फणीजवळ वाकले. कापड 7 इंचांवर आलं होतं, पण फणीत धागे 9 इंचांतच होते. म्हणजे काठाचा धागा फणीतून निघून तिरका आत जात होता आणि फणी प्रत्येक फेरीला त्याला कडेवर घासत होती.

"आकसतंय का, ते बघ. टेंपल विसर."

आणि आम्ही काठाकडे बघणं सोडून आडव्या धाग्याकडे बघायला लागलो. तिथे सगळं उघडं होतं. मी धोटा घालून धागा सरळ, ताठ ओढत होतो. पण ठोकल्यावर त्या धाग्याला 72 उभ्या धाग्यांच्या खालून-वरून नागमोडी जायचं असतं. सरळ धाग्यापेक्षा नागमोडीला जास्त लांबी लागते. ती मी दिलेली नव्हती. मग तो ती कुठून आणणार? दोन्ही काठांना आत ओढून. काठ सरळ ठेवण्यासाठी मी जितकं ओढत होतो तितकेच ते वाकडे होत होते, आणि जितके वाकडे होत होते तितकं मी आणखी ओढत होतो.

उपाय लाज वाटावी इतका सोपा निघाला. आडवा धागा बोगद्यात सरळ ठेवायचाच नाही. जिथून धोटा निघाला त्या काठाशी धागा विणलेल्या कापडाला टेकवायचा, आणि दुसऱ्या बाजूला फणीकडे चढता ठेवायचा, जिन्याच्या कठड्यासारखा तिरका. फणी पुढे आणली की तिरक्यातली जास्तीची लांबी नागमोडीत खर्च होते. काठाशी वळताना धाग्याने शेवटच्या उभ्या धाग्याला नुसतं टेकायचं. फासा बाहेर डोकावला तर सैल, शेवटचा धागा आत झुकला तर घट्ट. ओढायचं नाही, बघायचं.

अण्णांनी ह्याला एकच शेरा दिला. "लोकलमध्ये माणसाला टेकतो ना, तसं टेकव. ढकलू नको."

दोन-तीन इंचांत उजवा काठ सरळ झाला. रुंदी 8 वर आली, मग साडेआठवर. तेवढ्यावर थांबली, तेही बरोबरच. नऊच्या नऊ कधी राहत नाही, अर्धा इंच आकसणं विणीच्या हक्काचंच आहे. मी दर दोन इंचांना पट्टी लावायचा नियम केला.

डावा काठ मात्र तसाच, जिलबी. धागा तिरका ठेवला तरी, हात हलका ठेवला तरी. म्हणजे त्याचं कारण माझ्या हातात नव्हतं. ते चार धागे मुळातच सैल होते. पण बांधताना तर थापटून पाहिलं होतं, सारखे लागले होते!

रात्री साडेदहाला अण्णा खुर्चीतून उठून मागाच्या मागे गेले. इतका वेळ आम्ही दोघंही पुढूनच बघत होतो. त्यांनी रुळावरच्या ताण्यावर बोट फिरवलं, डावीकडे थांबले आणि म्हणाले, "हे कॅलेंडर कोणी कापलं?"

मी बरोब्बर 9 इंचांत कापलेलं कॅलेंडर. गुंडाळताना कागद जरा उजवीकडे सरकला होता आणि डावीकडचे चार धागे कागदाच्या अगदी कडेवर आले होते. विणताना ताण बसला तसे ते कडेवरून घसरून खालच्या थरात पडले. खाली रुळाचा घेर लहान, त्याला कमी धागा पुरतो. उरलेली लांबी सैल होऊन पुढे आली, आणि आणखी येत राहणार होती. गिरणीतल्या बीमला दोन्ही टोकांना लोखंडी तबकड्या असायच्या, तिथे धागे घसरायला जागाच नव्हती. इथे तबकडीचं काम कागदाने करायचं असतं, म्हणून तो ताण्यापेक्षा दोन्हीकडे इंच-इंचभर रुंद हवा. मी कागद वाचवला होता.

आता सगळा ताणा उलगडून परत गुंडाळायचा तर अर्धा स्कार्फ पुढच्या रुळावर बसला होता. अण्णांनी टेबलाच्या बाजूला लोंबणारं कुलूप काढलं. त्याच्या कडीतून सुतळी ओवली आणि सुतळी मागच्या बाजूला, रूळ आणि फणी यांच्या मधे, त्या चार सैल धाग्यांवरून टाकली. कुलूप खाली लोंबलं. चार धागे शेजाऱ्यांच्या बरोबरीने ताठ झाले. फणी वर केली, चारांतले भोकातले दोन वर, फटीतले दोन आपल्या जागी. बोगदा स्वच्छ.

तेच कुलूप, फक्त काठाकडून ताण्याच्या मागे गेलं होतं. दर वेळी ताणा पुढे घेतला की अण्णा मागे जाऊन ते सरकवून परत मधोमध आणायचे. पुढचे चार दिवस त्यांची खुर्ची मागाच्या मागे होती. दाराला पाठ करून. मीना म्हणाली, गेल्या दहा वर्षांत ती खुर्ची पहिल्यांदा हलली.

पहिल्या फूटभराचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. मी उसवायला निघालो होतो. अण्णा नको म्हणाले. उसवताना प्रत्येक आडवा धागा उलटा ओढला जातो, उभ्यांना परत मार बसतो आणि आधीच पिंजलेले काठाचे धागे परत तुटले असते. तो भाग राहिला. त्याच्या वर चिमट्यांच्या काळातले चार इंच. त्याच्या वर हळूहळू रुंद होत गेलेला भाग, आणि मग पुढचे सगळे इंच साडेआठचे, दोन्ही काठ फूटपट्टीने आखल्यासारखे.

उतरवल्यावर झालरीच्या गाठी मारल्या आणि कोमट पाण्यात थोडा साबण घालून बुडवला. चोळायचा नाही, पिळायचाही नाही, नुसता दाबायचा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि आडवा पसरून वाळवायचा. पाण्यात धागे फुगले, एकमेकांत बसले, ती चौकोनी भोकं खरंच भरली. वाळल्यावर पट्टी लावली. 61 इंच. एका टोकाला 8 इंच, दुसऱ्या टोकापासून फूटभरावर साडेसहा. डाव्या काठावर जिलबीची खूण, आणि एका जागी अण्णांच्या गाठीचा बारीक दाणा.

धनत्रयोदशीला ईशा आली. तिने स्कार्फ उलटापालटा केला, अरुंद भागापर्यंत आली आणि ओठ दाबून म्हणाली, "बाबा, हा… छान आहे."

"दाखव," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा लावला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठावरून अंगठा फिरवत नेला. जिलबीपाशी थांबले, दाण्यापाशी थांबले. "माझा बापही साळखात्यातच होता. त्याच्या वेळी खराब कापड निघालं की मालक ते विणणाऱ्याच्या गळ्यात मारायचा आणि पगारातून पैसे कापायचा."

"म्हणजे आता माझे पैसे कापणार?" मी विचारलं.

"तुला कुठे पगार आहे." त्यांनी स्कार्फ स्वतःच्या गळ्यात दोन वेढे देऊन गुंडाळला. बाहेर बत्तीस डिग्री होतं. "हा खराब माल मी घेतो. पोरीला दुसरा विण. आणि ह्या वेळी कागद मी कापणार."

पंख्याखाली घाम पुसत ते तसेच बसून राहिले. लिफ्टमधल्या त्या तिघांपैकी एक जण फराळ द्यायला आला, त्याने अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मीनाला दारातच हळू आवाजात विचारलं, "आजोबांनाही झालं का?"